लूट बॉक्स, स्किन आणि जुगार: किशोरवयीन मुलांच्या पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लूट बॉक्स, म्हणजे आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या पेट्या, आज शेकडो गेममध्ये आहेत, पण या पानावर आपण मुख्यतः एकाच गेमबद्दल बोलणार आहोत: काउंटर-स्ट्राइक 2, जो संगणकावर स्टीम या दुकानातून खेळला जातो. नशिबाची पेटी, तिच्यातून निघणारी आणि विकता येणारी वस्तू, आणि ती वस्तू डावावर लावून घेणाऱ्या बाहेरच्या वेबसाइट या तीनही गोष्टी इथे एकमेकींना जोडलेल्या दिसतात. हा गेम कळला की बाकीचे कळायला वेळ लागत नाही. मोबाइलवरच्या गेमबद्दल शेवटी लिहिलं आहे.

स्किन म्हणजे काय? आणि केस?

स्किन म्हणजे गेममधल्या बंदुकीवरचं, सुरीवरचं किंवा हातमोज्यांवरचं रंगकाम. त्यामुळे गोळी जास्त लागत नाही की खेळाडू जास्त वेगाने धावत नाही. शोभेपलीकडे तिचा काही उपयोग नाही, तरीही काही स्किन लाखो रुपयांना विकल्या जातात. कारण त्या दुर्मिळ असतात आणि एका खात्यातून दुसऱ्या खात्यात देता येतात. गेमची कंपनी व्हॉल्व्हने ही सोय ऑगस्ट 2013 मध्ये सुरू केली, तेव्हा गेमचं नाव काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह होतं. 2023 मध्ये त्याचीच पुढची आवृत्ती आली आणि जुन्या स्किन तिच्यात तशाच पुढे आल्या.

केस म्हणजे बंद पेटी. खेळताना आठवड्यातून एकदा काही वस्तू फुकट मिळतात आणि त्यांत बहुधा एखादी केस असते. ती उघडायला मात्र किल्ली लागते. मुलं तिला ‘की’ म्हणतात आणि ती विकत घ्यावी लागते. अमेरिकेत तिची किंमत सुरुवातीपासून 2.49 डॉलर आहे. पेटी आधीच आपल्या खात्यात पडलेली असते, त्यामुळे मुलाच्या मनात हिशेब सुरू होतो तो ‘फक्त किल्लीचेच तर पैसे’ असा.

पेटीतून चांगली वस्तू निघण्याची शक्यता किती?

चीनमध्ये असे आकडे जाहीर करणं बंधनकारक झाल्यामुळे 2017 मध्ये तिथल्या वितरकाने ते प्रसिद्ध केले. सगळ्यात साधी निळी वस्तू निघण्याची शक्यता 79.92 टक्के, जांभळी 15.98, गुलाबी 3.20, लाल 0.64, आणि ज्यासाठी सगळे पेट्या उघडतात ती सोनेरी, म्हणजे सुरी किंवा हातमोजे, 0.26 टक्के.

याचा रुपयांत अर्थ काय होतो ते पाहू. हिशेबासाठी किल्ली 220 रुपयांची धरू आणि पेटी फुकटची. शंभर पेट्या उघडल्या तर 22,000 रुपये गेले. त्यांतून साधारण ऐंशी निळ्या वस्तू निघतील, ज्यांतल्या बहुतेक वस्तू बाजारात किल्लीच्या किमतीच्या आसपासही जात नाहीत. सोळाएक जांभळ्या, तीन गुलाबी. शंभरांत एक तरी सोनेरी वस्तू निघण्याची शक्यता येते सुमारे 23 टक्के. म्हणजे बावीस हजार खर्चूनही चारांतल्या तिघांच्या हाती सुरी लागत नाही.

0.26 टक्के म्हणजे सरासरी 385 पेट्यांमागे एक. त्याचे झाले 84,700 रुपये. पण ‘385 उघडल्या की मिळणारच’ असं मात्र नाही. तेवढ्या उघडूनही रिकाम्या हाताने राहण्याची शक्यता 37 टक्के उरते, कारण प्रत्येक पेटी आधीच्या पेट्यांशी संबंध नसलेली नवी सोडत असते. ‘आता इतक्या उघडल्यात, पुढची लागणारच’ हे वाक्य घरात कानावर पडलं तर तिथे थांबून हा हिशेब मुलासोबत कागदावर करा. आणि निघालेली प्रत्येक सुरी महाग असते असंही नाही. त्यातही स्वस्त आणि महाग असे प्रकार असतात.

‘अगदी थोडक्यात हुकलं’ असं मुलगी म्हणते. खरंच हुकलेलं असतं का?

नाही. पेटी उघडताना पडद्यावर वस्तूंची पट्टी सरकते, वेग मंदावतो आणि काटा एका वस्तूवर थांबतो. कुठली वस्तू मिळणार हे कंपनीच्या सर्व्हरवर ठरलेलं असतं. पट्टी हा त्यानंतरचा देखावा. काट्याच्या शेजारी दिसलेल्या सोनेरी चौकोनाला काहीही अर्थ नसतो.

कॅसिनोतल्या यंत्रांमध्येही हीच युक्ती वापरतात. हुकल्याची भावना जिंकण्याच्या इतकी जवळची असते की माणूस लगेच पुन्हा हात घालतो. फ्रान्समध्ये 2019 पासून कंपनीला वेगळी पद्धत आणावी लागली. तिथे पेटीत काय आहे ते आधी दाखवतात आणि मग किल्ली घ्यायची की नाही ते खेळाडू ठरवतो. पण पुढची पेटी तपासायची तर आधीची वस्तू घ्यावीच लागते, त्यामुळे नशीब फक्त एक पाऊल पुढे सरकलं.

पैसे तर बाहेर काढता येत नाहीत. मग हा जुगार कसा?

सगळ्या वादाचा गाभा हाच आहे. कंपन्यांचा बचाव असा की पेटीतून प्रत्येक वेळी काहीतरी निघतंच, आणि निघालेली वस्तू म्हणजे पैसा नव्हे. ब्रिटनच्या जुगार आयोगाचीही भूमिका साधारण अशी आहे की बक्षीस गेमबाहेर पैशात बदलता येत नसेल तर तिथल्या कायद्याच्या अर्थाने तो जुगार होत नाही. बेल्जियमच्या आयोगाने 2018 मध्ये उलट निर्णय दिला: पैसे लावले, निकाल नशिबावर, हरणं-जिंकणं आहे, एवढं पुरे. तिथे या पेट्या उघडणं बंद झालं. नेदरलँड्समध्येही बंद झालं, पण तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने 2022 मध्ये फुटबॉलच्या एका गेमच्या प्रकरणात नियामकाच्या विरोधात निकाल दिला.

आमच्या मते पालकांनी पेटीकडे कमी आणि बाहेर पडणाऱ्या वाटेकडे जास्त बघावं. काउंटर-स्ट्राइकमध्ये ही वाट उघडी आहे. स्टीमच्या स्वतःच्या बाजारात स्किन विकली तर पैसे स्टीम वॉलेटमध्येच येतात आणि तिथून बँकेत जात नाहीत, हे खरं. विकणाऱ्याला मिळणाऱ्या रकमेवर 15 टक्के शुल्कही वर लागतं. खरेदीदाराने 1,000 रुपये दिले तर विकणाऱ्याला मिळतात साधारण 870. पण स्किन थेट दुसऱ्या खात्यात देता येते, आणि तिच्या बदल्यात रोख देणारे बाजार स्टीमच्या बाहेर आहेत. म्हणजे वस्तूला भाव आहे, खरेदीदार आहे आणि भाव रोज बदलतो. तिला पैसाच समजून वागलेलं बरं.

स्किनवर जुगार घेणाऱ्या साइट कशा चालतात?

मुलगा साइटवर जातो आणि स्टीमचं खातं वापरून आत शिरतो. वेगळा पासवर्ड नाही, वयाचा पुरावा बहुधा नाही. मग आपल्याकडची स्किन साइटच्या खात्याला किंवा साइटने जोडून दिलेल्या दुसऱ्या खेळाडूला पाठवतो. त्या बदल्यात साइटवर नाणी जमा होतात. त्यापुढे सगळा कॅसिनो: रूलेट, दोघांत नाणेफेक, वर चढत जाणारा आकडा फुटायच्या आत बाहेर पडायचा ‘क्रॅश’, साइटने स्वतः रचलेल्या पेट्या, आणि ई-स्पोर्ट्सच्या सामन्यांवर सट्टा. जिंकलं तर नाण्यांच्या बदल्यात स्किन परत मिळते. बऱ्याच साइट आता स्किनबरोबर क्रिप्टोही घेतात. मालक आणि नोंदणी कुठल्या तरी दूरच्या बेटावर असते. जिंकलेलं मिळालं नाही तर दाद मागायला कुणीच नसतं.

खेळाची मूळ कंपनी व्हॉल्व्ह या साइट चालवत नाही. जुलै 2016 मध्ये तिने अशा साइटना ‘बंद करा’ म्हणून नोटिसा धाडल्या. मार्च 2018 पासून देवघेवीतून हातात आलेली स्किन सात दिवस पुढे देता येत नाही, जेणेकरून ती चलनासारखी फिरू नये. साइटनी त्यातूनही वाट काढली. 2019 मध्ये नव्याने घेतलेल्या किल्ल्यांची देवघेवही बंद झाली, कारण फिरणाऱ्या जवळजवळ सगळ्या किल्ल्यांमागे फसवणुकीचा पैसा असल्याचं कंपनीनेच सांगितलं होतं.

मुलं तिथे पोचतात ती व्हिडिओ बघून. एखादा यूट्यूबर पेट्या उघडतो, ओरडतो, सुरी काढतो आणि खाली आपला ‘कोड’ देतो. त्या कोडने आत गेलेल्या प्रत्येकाच्या खर्चावर त्याला हिस्सा मिळू शकतो. 2016 मध्ये तर उघड झालं की दोन नावाजलेले यूट्यूबर ज्या साइटवर जिंकल्याचे व्हिडिओ टाकत होते ती साइट त्यांच्याच मालकीची होती. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्यांच्यावर कारवाई केली. आज व्हिडिओत कुणी बेफिकिरीने हजारो डॉलर उडवताना दिसला तर पहिला प्रश्न विचारायचा: पैसे कुणाचे?

मुलगा म्हणतो, ‘ही गुंतवणूक आहे.’ काय सांगावं?

त्याचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही, म्हणूनच नुसतं ‘मूर्खपणा आहे’ म्हणून चालत नाही. जुन्या काही पेट्या आणि स्किन वर्षानुवर्षं महाग होत गेल्या आहेत. पण या बाजारात पुरवठा किती ठेवायचा हे एकटी कंपनी ठरवते, तेही न विचारता.

22 ऑक्टोबर 2025 च्या बदलाचं उदाहरण घ्या. तोवर सुरी मिळायची ती पेटीतूनच. त्या दिवशी कंपनीने पाच लाल वस्तू देऊन एक सुरी किंवा हातमोजे बनवण्याची सोय दिली. काही तासांत अनेक सुऱ्यांचे भाव कोसळले, लाल वस्तूंचे वर उडाले, आणि सगळ्या स्किनच्या एकूण बाजारमूल्यातून अब्जावधी डॉलर नाहीसे झाले. शेअर बाजारात अशा निर्णयावर नियामकाची नजर असते. इथे गेमचा एक अपडेट आला, बस्स. खात्यातली वस्तू कायद्याने मुलाच्या मालकीचीही नसते. कंपनीच्या अटींनुसार तो फक्त वापरण्याचा परवाना असतो आणि खातं बंद झालं तर सगळंच जातं.

पेटी उघडणं आणि तयार स्किन विकत घेणं यात मात्र फरक करा. मुलाला एखादं रंगकाम खरंच आवडलं असेल तर स्टीमच्या बाजारात तेच थेट विकत घेणं पेट्या फोडण्यापेक्षा जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं. ‘तुला ती बंदूक हवी आहे की पेटी उघडायची आहे?’ हा प्रश्न विचारून बघा. उत्तरातून बरंच कळतं.

भारतात कायदा काय सांगतो?

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. पैसे किंवा ‘इतर पण’, म्हणजे डावावर लावायची दुसरी काही वस्तू, लावून, पैशाच्या किंवा तत्सम लाभाच्या अपेक्षेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, या कायद्याने बंद आहे. ‘इतर पण’ची व्याख्या रुंद आहे: पैशाने विकत घेतलेली, पैशासमान किंवा पैशात बदलता येणारी नाणी, टोकन, वस्तू, खऱ्या असोत की आभासी. स्किन घेऊन रूलेट खेळवणारी साइट या व्याख्येत सरळ बसते. अशी सेवा देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. म्हणजे मराठीत किंवा हिंदीत व्हिडिओ करून कोड वाटणाराही यात येऊ शकतो. नुसता खेळणारा यात गुन्हेगार धरलेला नाही. त्यामुळे मुलाला पोलिसांची भीती घालू नका. ती खोटी आहे हे त्याला पाच मिनिटांत कळेल.

गेममधल्या लूट बॉक्सचं नाव या कायद्यात नाही.

घरी बसून नेमकं काय तपासायचं?

मुलाला शेजारी बसवूनच तपासा. चोरून तपासलं तर पुढच्या वेळी दुसरं खातं निघेल. ब्राउझरमध्ये त्याच्या खात्यातून ही तीन पानं उघडा:

```
store.steampowered.com/account/history
steamcommunity.com/my/inventoryhistory
steamcommunity.com/my/tradehistory
```

पहिल्या पानावर पैशांचा इतिहास आहे: वॉलेटमध्ये कधी किती भरले, कुठला गेम घेतला, गेमच्या आत किती खर्च झाला. दुसऱ्यावर प्रत्येक वस्तू कशी आली आणि कशी गेली ते दिसतं. पेटी उघडल्याची नोंदही इथेच असते. तिसऱ्यावर दुसऱ्या खात्यांशी झालेली देवघेव.

आता एक नमुना वाचून पाहू. समजा पहिल्या पानावर पंधरा दिवसांत 500 रुपयांचे सात भरणे आहेत, सगळे रात्री अकरानंतरचे, आणि त्यातले तीन एकाच रात्री वीस-वीस मिनिटांच्या अंतराने. ही हरल्यावर पुन्हा भरण्याची खूण आहे. 3,500 हा आकडा तितका महत्त्वाचा नाही, ती वीस मिनिटं महत्त्वाची. दुसऱ्या पानावर त्याच रात्री सहा-सात पेट्या उघडलेल्या दिसतात, निघालेल्या वस्तू बहुतेक निळ्याच, आणि तरी पुन्हा पुन्हा किल्ली घेतलेली दिसते. इथवर हे गेमच्या आतलं आहे. तिसऱ्या पानावर मात्र चार वस्तू चार अनोळखी खात्यांना गेल्या आहेत आणि बदल्यात काहीच आलेलं नाही. मित्राला दिलेली भेट एखादी असते. अनोळखी खात्यांना, काही न घेता, पुन्हा पुन्हा दिलेल्या वस्तू म्हणजे जवळजवळ नक्कीच बाहेरच्या साइटवरचा भरणा किंवा रोखीची विक्री, नाहीतर फसवणूक. तिन्ही शक्यता सांगून विचारा, ‘यातलं कुठलं?’ मुलाला खरं सांगायला सोपं जातं.

सगळं ठीक दिसलं तरी दोन जागा उरतात. गिफ्ट कार्डचे कोड रोखीने किंवा मित्राकडून येतात, त्यामुळे बँकेच्या पासबुकात दिसत नाहीत, पण ते वॉलेटमध्ये भरलेले पहिल्या पानावर दिसतात. दुसरी जागा म्हणजे टेलिग्राम आणि डिस्कॉर्डवरचे ‘ट्रेडिंग’ गट. आणि एक लहानशी खूण: ज्या संघांची नावंही आधी कधी घेतली नव्हती, अशा परदेशी संघांचे सामने मध्यरात्री जीव मुठीत धरून पाहिले जात असतील, तर त्यावर काहीतरी लावलेलं असू शकतं.

स्किन विकून आलेले यूपीआयचे पैसे माझ्या खात्यात घेऊ का?

अनोळखी माणसाकडून घेऊ नका. नेमकी ही बाजू पालकांना माहीत नसते आणि नुकसान सगळ्यात मोठं इथेच होतं.

अल्पवयीन मुलाचं स्वतःचं खातं बहुधा नसतं, म्हणून तो आईचा किंवा बाबांचा यूपीआय आयडी देतो. समोरचा 4,000 रुपये पाठवतो, मुलगा स्किन पाठवतो. ते 4,000 कुणाला तरी ऑनलाइन फसवून मिळवलेले असले आणि त्या माणसाने सायबर फसवणुकीच्या 1930 या क्रमांकावर तक्रार केली, तर पोलीस पैसा ज्या ज्या खात्यांतून फिरला तिथे तिथे रोखतात. मग तुमच्या खात्यातली ती रक्कम, कधी कधी अख्खं खातं, गोठतं. पगार आणि घराचा हप्ता त्याच खात्यातून असेल तर काय होईल ते सांगायला नको. तक्रार दुसऱ्याच राज्यातली असू शकते आणि ‘मुलाने गेममधली बंदूक विकली’ हे तिथल्या ठाण्याला पटवून देण्यात आठवडे जातात. असं झालंच तर स्टीमवरच्या त्या देवघेवीचा पडदा-फोटो, समोरच्याशी झालेलं बोलणं आणि बँकेची नोंद जपून ठेवा. मुलाला रागाच्या भरात खातं पुसायला लावू नका, कारण तुमचा पुरावा तिथेच आहे.

स्किन चोरीला गेली म्हणतो. असं होतं?

होतं. नेहमीची पद्धत अशी. ‘आमच्या टीमला मत दे’, ‘फुकट सुरी घे’ अशी लिंक येते, किंवा कुणीतरी म्हणतं ‘चुकून तुझी तक्रार केली, आता अमक्या अधिकाऱ्याशी बोल’. लिंकवर स्टीमसारखंच दिसणारं आत शिरण्याचं पान असतं. तिथे नाव, पासवर्ड आणि मोबाइलवरचा कोड दिला की चोर खात्यात शिरतो आणि एक एपीआय किल्ली, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामला खात्याच्या देवघेवीत हात घालू देणारा कोड, बनवून ठेवतो. पेटीच्या किल्लीशी तिचा संबंध नाही. पुढे महिनाभराने मुलगा मित्राला खरीखुरी वस्तू पाठवायला जातो, तेव्हा चोराचा प्रोग्राम ती देवघेव रद्द करतो आणि मित्राचंच नाव-चित्र लावलेल्या बनावट खात्याकडून नवी पाठवतो. मुलगा मोबाइलवर ‘हो’ म्हणतो आणि वस्तू जाते.

हे तपासायला `steamcommunity.com/dev/apikey` हे पान उघडा. साध्या खेळाडूच्या खात्यात इथे कुठलीही किल्ली असायचं कारण नाही. असली तर ती रद्द करा, पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून खातं बाहेर काढा आणि ट्रेडची लिंक नवी बनवा. जुलै 2025 पासून काउंटर-स्ट्राइकची देवघेव सात दिवसांच्या आत उलटवता येते. देवघेवीच्या इतिहासाच्या पानावरच ती सोय आहे. मात्र उलटवल्यावर खात्याची देवघेव तीस दिवस बंद राहते, आणि आठवा दिवस उजाडला की वस्तू परत येत नाही. म्हणून मुलाने आधी सांगितलं पाहिजे, रागावणं नंतर.

खर्च झालेले पैसे परत मिळतात का?

काही प्रमाणात. वॉलेटमध्ये भरलेले आणि न वापरलेले पैसे 14 दिवसांच्या आत परत मागता येतात. व्हॉल्व्हच्या गेममध्ये घेतलेली वस्तू 48 तासांच्या आत, वापरलेली किंवा दुसऱ्याला दिलेली नसेल तरच. न वापरलेली किल्ली यात बसू शकते, उघडलेली पेटी नाही. `help.steampowered.com` वर जाऊन त्या खरेदीवर क्लिक करा. बँकेकडे थेट व्यवहार नाकारला तर स्टीम खात्यावर बंधनं येऊ शकतात, म्हणून आधी हीच वाट घ्या. बाहेरच्या साइटवर गेलेलं विसरा.

कुठली बंधनं खरंच उपयोगी पडतात?

सगळ्यात मोठं बंधन म्हणजे स्टीमवर कार्ड किंवा यूपीआय साठवून न ठेवणं. प्रत्येक भरण्याला तुमचा पिन लागला की रात्रीची वीस मिनिटांची साखळी तुटते. खर्च करायचाच असेल तर महिन्याला ठरलेली रक्कम, एकदाच, गिफ्ट कार्डने.

दुसरं, ‘स्टीम फॅमिलीज’ सुरू करून मुलाचं खातं त्यात बालक म्हणून जोडा. मग दुकान, कम्युनिटी आणि गप्पा बंद-चालू करता येतात, खेळण्याचा वेळ दिसतो, आणि मुलाने मागितलेला गेम तुमच्या मंजुरीने घेता येतो. स्टीमच्या अटींप्रमाणे 13 वर्षांखालच्या मुलाने खातं उघडूच नये. ‘स्टीम गार्ड’ची मोबाइल मंजुरी तुमच्या फोनवर ठेवली तर प्रत्येक देवघेव तुमच्या हातून जाते. पंधरा वर्षांच्या मुलाला हे जाचक वाटेल आणि भांडण होईल. एखादी रक्कम गेल्यानंतर तीन-चार महिन्यांसाठी म्हणून हे योग्य, कायमचं म्हणून नको.

घरच्या वाय-फायवर जुगाराच्या साइट अडवता येतात, पण नाव बदलून त्या परत येतात आणि मुलांना व्हीपीएन माहीत असतो. त्यावर विसंबू नका.

बीजीएमआय आणि फ्री फायर मॅक्समध्येही हेच आहे का?

अर्धं. मोबाइलवरच्या या दोन गेममध्येही पेट्या आणि नशिबाची चाकं आहेत, खेळाचं चलन आधी विकत घ्यायचं असतं. एकाला यूसी म्हणतात, दुसऱ्याला डायमंड. रुपयांचे आधी यूसी केले की एका फेरीला नेमके किती रुपये पडले हे डोक्यात राहत नाही. मुलाला प्रत्येक फेरीची किंमत रुपयांत सांगायला लावा. शक्यतेचे आकडे जाहीर करण्याची अट गूगल प्ले आणि ॲपल दोघांचीही आहे. ते पेटीच्या पडद्यावर कोपऱ्यातल्या लहान चिन्हामागे दडलेले असतात.

फरक असा की काउंटर-स्ट्राइकसारखा उघडा बाजार तिथे नाही. पेटीतून निघालेली वस्तू खात्याला चिकटलेली राहते. म्हणून मुलं अख्खं खातं विकतात आणि विकत घेतात, जे कंपनीच्या नियमांत बसत नाही. विकणारा पैसे घेऊन, जुन्या ईमेलने खातं परत मिळवतो, हा इथला नेहमीचा गंडा. फॅमिली लिंक या गूगलच्या पालकांसाठीच्या ॲपची खरेदी-मंजुरी फक्त गूगल प्लेमधून केलेल्या खरेदीला लागू असते. टॉप-अप विकणाऱ्या वेबसाइटवर यूपीआयने घेतलेले डायमंड तिच्या नजरेतून सुटतात, तेव्हा यूपीआयचा पिन मुलाला माहीत आहे का ते आधी पाहा.

हे व्यसन आहे की वयाचा भाग, कसं ओळखायचं?

पेट्यांवर जास्त खर्च करणाऱ्यांत जुगाराची समस्या जास्त आढळते, असं 2018 पासून वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पेट्यांमुळे जुगार लागतो की जुगाराकडे कल असलेले पेट्यांकडे वळतात, हे त्यातून ठरत नाही.

पालकांनी रकमेपेक्षा तीन गोष्टी बघाव्यात: हरलेलं भरून काढायला पुन्हा लावणं, खर्चाबद्दल खोटं बोलणं, आणि पैशासाठी दुसऱ्याचं काही घेणं, मग ते आजीच्या पाकिटातले दोनशे असोत की मित्राची उसनी स्किन. पेटी आवडते म्हणून महिन्याला एखादी उघडणारं मूल आणि या तीनपैकी दोन गोष्टी करणारं मूल यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला. मराठीतही बोलता येतं आणि पालक एकटेही फोन करू शकतात. फोनवर ‘गेमचा नाद’ असं मोघम न सांगता ‘पैसे लावून हरणं’ हे शब्द वापरा, कारण समुपदेशकाचे पुढचे प्रश्न त्यावरून ठरतात.

खात्यात उरलेल्या स्किनचं काय करू? सगळ्या काढून टाकू?

त्या नष्ट करू नका. मुलाने स्वतःच्या खाऊच्या पैशांतून घेतलेल्या वस्तू त्याच्यादेखत पुसल्या तर बोलणं कायमचं बंद होईल. स्टीमच्या बाजारात विकून वॉलेटमध्ये आलेल्या रकमेतून एखादा पेट्या नसलेला गेम घेणं हा चांगला पर्याय. एक-दोन आवडत्या स्किन वापरायला ठेवल्या तरी बिघडत नाही. दुसऱ्या खात्याला किंवा रोखीने मात्र काही देऊ नका. आणि विकायच्या आधी प्रत्येक वस्तूचा भाव पाहून घ्या, कारण एकाच नावाच्या दोन स्किनच्या भावात झिजेमुळे आणि नक्षीमुळे कितीतरी पट फरक पडतो.